पारदर्शक पीएनजीमागे अचानक काळा किंवा पांढरा डबा: मी कोणत्या क्रमाने तपासतो

नाशिकला अशोक स्तंभाजवळच्या एका गल्लीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नसराईत पत्रिका, द्राक्षांच्या हंगामात पेट्यांची लेबलं, गणपतीत फ्लेक्स. कामं हंगामी असली तरी एक तक्रार बारमाही आहे: "दादा, तुम्ही दिलेल्या लोगोमागे काळा डबा येतोय." कधी डबा पांढरा असतो. माझ्या स्क्रीनवर तीच फाईल स्वच्छ दिसते, त्यामुळे समोरच्याला वाटतं मी टाळतोय आणि मला वाटतं तो चुकीची फाईल उघडतोय. बऱ्याचदा दोघंही बरोबर असतो. मधल्या कुठल्यातरी टप्प्यावर पारदर्शकपणा गळून पडलेला असतो.

आधी लक्षणं बघा. तुमचं कोणतं ते ओळखलंत तर पुढचं निम्मं वाचायची गरज पडणार नाही.

- फोनच्या गॅलरीत लोगोमागे काळं दिसतं, पण पत्रिकेत टाकला की नीट बसतो.
- पाठवताना चांगला होता, व्हॉट्सॲपवरून पोचला तो चौकोनासकट.
- जेपीजी केल्यावर मागे काळं आलं. लोगोच काळा असेल तर नुसता काळा ठोकळा, आत काही दिसतच नाही.
- फोटोतलं कापून काढलेलं बॅकग्राउंड कुठल्यातरी ॲपमध्ये परत उगवलं.
- मागे राखाडी-पांढरे चौकडे दिसतात आणि ते छापूनही येतात.
- स्क्रीनवर सगळं ठीक, पण बिलाच्या किंवा छपाईच्या कागदावर डबा.

डब्याचा रंग येतो कुठून

एवढं एकदा समजलं की बाकीचं आपोआप सुटतं, म्हणून इथे जरा थांबतो.

साध्या रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे असतात: लाल, हिरवा, निळा. पारदर्शक पीएनजीत चौथा आकडा असतो, त्याला अल्फा म्हणतात. नेहमीच्या फाईलमध्ये तो 0 ते 255 असतो. 255 म्हणजे ठिपका पूर्ण दिसणार, 0 म्हणजे अजिबात दिसणार नाही, मधला आकडा म्हणजे मागचं थोडं दिसणार.

गंमत अशी की अल्फा 0 असला तरी पहिले तीन आकडे कुठे जात नाहीत. न दिसणाऱ्या ठिपक्यालाही रंग असतोच, फक्त तो झाकलेला असतो. भिंतीवर पडदा लावलाय, पडद्यामागची भिंत कोणत्या रंगाची हे कोणी विचारत नाही, तसं. एखाद्या ॲपने चौथा आकडा टाकून दिला की पडदा जातो आणि भिंत दिसते.

रिकामा कॅनव्हास उघडून लोगो काढला असेल तर त्या रिकाम्या जागेत बहुतेक वेळा 0, 0, 0 असतं, म्हणजे काळा. पांढऱ्या कागदावरचा स्कॅन घेऊन पांढरं पुसलं असेल तर खाली पांढरा राहू शकतो. आणि बॅकग्राउंड काढणारी काही साधनं मूळ फोटोचे रंग तसेच ठेवून फक्त अल्फा 0 करतात. तिथे चौथा आकडा गेला की मागची भिंत, दारातली स्कूटर, दोरीवरचे कपडे, सगळं परत हजर. एका गृहस्थांच्या वडिलांच्या श्रद्धांजलीच्या बॅनरवर असंच मागचं कपाट आलं होतं. कापलेला फोटो बाहेर देताना हे ध्यानात ठेवा. झाकलेलं म्हणजे पुसलेलं नव्हे.

काही ॲप मात्र शहाणी असतात. ती चौथा आकडा नुसता टाकत नाहीत. आधी लोगो एका पांढऱ्या पाटीवर ठेवतात, कडा नीट मिसळतात आणि मग साधं चित्र बनवतात. तिथे पांढरा डबा येतो, पण कडा गुळगुळीत राहतात.

म्हणून मी डबा बघितला की आधी कडा बघतो. पांढरा डबा आणि मऊ कडा असेल तर कोणीतरी पांढऱ्यावर चिकटवलंय. काळा डबा आणि करवतीसारखी जाड, दातेरी कडा असेल तर कोणीतरी अल्फा फेकून दिलाय. कडेचा ठिपका मरून रंगाचा, म्हणजे 128, 0, 0 आणि अल्फा निम्मा, असं धरा. पांढऱ्यावर नीट मिसळला तर तो साधारण 191, 127, 127 होतो, म्हणजे फिका गुलाबी, आणि डोळ्याला कड गोल वाटते. अल्फा फेकला तर तोच ठिपका पूर्ण मरून होतो आणि अक्षर एका ठिपक्याने जाड दिसतं. मऊ सावली असेल तर आणखी वाईट: सावली म्हणजे काळा रंग आणि उतरता अल्फा, त्यामुळे अल्फा गेला की सावलीच्या जागी काळं डबकं.

पहिली तपासणी: पिवळा कागद

खर्च शून्य, वेळ एक मिनिट. वर्ड, कोरल, गूगल स्लाइड्स, जे हाताशी असेल त्यात एक भडक पिवळा चौकोन काढा आणि फाईल `Insert` किंवा `Import` करून त्यावर ठेवा.

पिवळाच का? पांढऱ्या पानावर पांढरा डबा दिसत नाही आणि डार्क मोडमध्ये काळा डबा दिसत नाही. पिवळ्यावर दोन्ही लपत नाहीत. लोगोभोवती पिवळं दिसलं तर फाईल ठणठणीत आहे, दोष बघणाऱ्या ॲपचा. गॅलरी किंवा फोटो दाखवणारी ॲप पारदर्शक जागेमागे स्वतःचा काळा किंवा पांढरा रंग भरतात. तो फाईलमध्ये नसतो. पहिल्या लक्षणाचं उत्तर इथेच संपलं. माझ्याकडे येणाऱ्या दहा जणांत दोन-तीन जण इथूनच परत जातात. त्यांच्या फाईलला काही झालेलंच नसतं.

पिवळ्यावर राखाडी-पांढरे चौकडे दिसले तर ती फाईल कधीच पारदर्शक नव्हती. एडिटरमध्ये पारदर्शक जागा दाखवायला चौकडे वापरतात, आणि नेटवरच्या कितीतरी चित्रांत ते चौकडे खरोखर रंगवलेले असतात. स्क्रीनशॉट काढून लोगो घेतला तरी हेच होतं. इथे दुरुस्ती नसते, मूळ फाईल मागा.

दुसरी तपासणी: फाईल आली कशी

हा प्रश्न मी फोनवरच विचारतो. "फोटो म्हणून पाठवला की डॉक्युमेंट म्हणून?"

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की चित्र दाबून जेपीजी होतं. जेपीजीत अल्फाला जागाच नाही, त्यामुळे कुठलातरी रंग भरावाच लागतो. हा बिघाड नव्हे, फोटो लवकर पोचावेत म्हणून केलेली सोय आहे. फोटोला चालते, लोगोचा मात्र बळी जातो. पिनच्या खुणेतून डॉक्युमेंट निवडून तीच `.png` फाईल पाठवली की जशीच्या तशी पोचते. ईमेलने किंवा ड्राइव्हच्या लिंकनेही चालतं.

इथे एक जुनी सवय नडते. लोगो एकदा फोटो म्हणून गेला की तोच पुढे पाठवला जातो: मालकाकडून पुतण्याला, पुतण्याकडून हिशेबनीसाला, हिशेबनीसाकडून माझ्याकडे. शेवटच्या माणसाने डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तरी उपयोग नाही, कारण अल्फा पहिल्याच फेरीत गेला. म्हणून "परत पाठवा" म्हणण्याऐवजी "ज्याने बनवला त्याच्याकडून मागवा" म्हणायचं.

सरकारी आणि परीक्षांच्या फॉर्मवर सही चढवताना हीच गोष्ट वेगळ्या वेशात येते. सहीचा पारदर्शक पीएनजी असतो, फॉर्मला जेपीजी ठरावीक केबीमध्ये हवा असतो. मुलं मग एखाद्या साइटवर साइझ कमी करून घेतात आणि काळ्या सहीचा काळा चौकोन होतो. सहीला पारदर्शकपणा लागतच नाही. पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने करा, फोटो काढा, क्रॉप करा, झालं.

तिसरी तपासणी: नावाला पीएनजी, आतून दुसरंच

फाईलचं नाव बदलून `.jpg` चं `.png` केलं म्हणजे ती पीएनजी होत नाही. विंडोजमध्ये फाईलची एक कॉपी करून ती नोटपॅडमध्ये उघडा. कचरा दिसेल, पण पहिली काही अक्षरं बघा. खरी पीएनजी असेल तर सुरुवातीलाच `PNG` ही तीन अक्षरं वाचता येतात. `JFIF` किंवा `Exif` दिसलं तर ती जेपीजी आहे. `RIFF` आणि थोडं पुढे `WEBP` दिसलं तर वेबपी. जेपीजी निघाली तर पुढच्या तपासण्या सोडा, आत अल्फा नाहीच. वेबपीत अल्फा असू शकतो, म्हणून ती फाईल एखाद्या एडिटरमध्ये उघडून पीएनजी म्हणून निर्यात करून बघा. नोटपॅडमध्ये चुकूनही `Save` दाबू नका. म्हणूनच कॉपी करायला सांगितलं.

चौथी तपासणी: कॉपी-पेस्ट आणि निर्यातीची खूण

ब्राउझरमधून लोगोवर राइट क्लिक करून कॉपी केला आणि दुसरीकडे पेस्ट केला तर विंडोजच्या क्लिपबोर्डमधून जाताना अल्फा अनेकदा हरवतो. तो राहील की जाईल हे घेणारं ॲप कोणत्या स्वरूपात चित्र उचलतं त्यावर आहे, त्यामुळे एकाच संगणकावर एका ॲपमध्ये नीट आणि दुसऱ्यात काळं असं होतं. यावर डोकं लावण्यात अर्थ नाही. फाईल सेव्ह करा आणि `Import` करा.

निर्यात करताना कोरलमध्ये पीएनजीच्या खिडकीत `Transparency` ची खूण असते, बिटमॅप बनवताना `Transparent background` ची. ती करायची राहिली की पांढरा डबा ठरलेला. मी स्वतः घाईत ही खूण अनेकदा विसरलोय, पत्रिकेच्या सीझनमध्ये तर हमखास. गिंप वापरणाऱ्यांसाठी एक खोड सांगतो: `Image` मेनूतलं `Flatten Image` पांढरा रंग भरतं असं सगळे समजतात, पण ते भरतं तुमचा त्यावेळचा बॅकग्राउंड रंग. टूलबॉक्समधले दोन रंग चुकून उलटे झाले असतील तर पांढऱ्याऐवजी काळा डबा येतो.

जुनं पेंटही संशयितांत ठेवा. त्यात पारदर्शक फाईल उघडून नुसतं सेव्ह केलं तरी अल्फा जायचा. विंडोज 11 च्या पेंटमध्ये 2023 पासून पारदर्शकपणा आला, पण दुकानांतले संगणक अजून जुनेच आहेत.

पाचवी तपासणी: पडद्यामागे काय आहे ते बघा

फाईल खरी पीएनजी आहे, पिवळ्यावर स्वच्छ दिसते, डॉक्युमेंट म्हणूनच आली, तरी एका ठरावीक ॲपमध्ये डबा येतो. आता इमेजमॅजिक नावाचा चित्रं तपासायचा आणि बदलायचा प्रोग्रॅम लागेल. हे फुकट मिळतं, पण कमांड टाइप करावी लागते. भीती वाटत असेल तर भाच्याला बसवा.

आधी विचारा की चित्रात पारदर्शक ठिपका आहे का:

```
magick identify -format "%[opaque]" logo.png
```

`False` आलं तर कुठेतरी पारदर्शक जागा आहे. `True` म्हणजे सगळं चित्र भरीव. मग पडदा मुद्दाम काढून बघा:

```
magick logo.png -alpha off hidden.png
```

`hidden.png` मध्ये जे दिसेल तेच त्या अडाणी ॲपला दिसतंय. तिथला डबा आणि तक्रारीतला डबा सारखाच असेल तर गुन्हेगार सापडला: ते ॲप अल्फा वाचत नाही. दोन्ही वेगळे असतील, म्हणजे इथे काळं आणि तिथे पांढरं, तर ते ॲप अल्फा वाचतं पण स्वतःच्या पांढऱ्या पाटीवर चिकटवतं. पहिल्या प्रकाराला फाईल बदलून उपाय करता येतो. दुसऱ्यात फाईल कितीही बदला, पाटी त्या ॲपची आहे. तिथे बॅकग्राउंड रंगाची सेटिंग शोधायची, नसेल तर लोगोच ज्या रंगावर बसणार त्या रंगावर तयार करून द्यायचा.

पहिल्या प्रकाराचा उपाय म्हणजे आपणच नीट मिसळून भरीव फाईल देणं:

```
magick logo.png -background white -alpha remove -alpha off final.png
```

`-alpha remove` लोगोला पांढऱ्यावर मिसळतं, `-alpha off` उरलेला चौथा आकडा बंद करतं. शेवटी `final.jpg` लिहिलंत तर जेपीजी मिळेल. पांढऱ्याऐवजी लेबलच्या पिवळ्यावर बसवायचा असेल तर `white` च्या जागी तो रंग.

एक केस, पूर्ण

गंगापूर रोडवरच्या एका मिसळवाल्यांचा लोगो मी केला होता: गडद तपकिरी चूल, खाली काळ्यात नाव, वर हलकी वाफ. बोर्ड, मेन्यू, पार्सलच्या पिशव्या, सगळीकडे छान बसला. मग बिलाचं नवीन सॉफ्टवेअर आलं आणि एका सकाळी मालकांचा फोन. "अहो, बिलावर नाव कुठंय? नुसता डांबराचा ठोकळा छापतोय. गिऱ्हाईक विचारतंय, हे काय जळलं का?"

जाऊन बघितलं तर खरंच, बिलाच्या डोक्यावर भरीव काळा चौकोन. ना चूल, ना नाव. बिलिंगवाल्याने आधीच सांगून ठेवलं होतं की लोगो खराब आहे, डिझायनरला विचारा.

क्रमानेच गेलो. पिवळ्यावर लोगो स्वच्छ. फाईल पेन ड्राइव्हवरून दिलेली, व्हॉट्सॲपचा संबंध नाही. नोटपॅडमध्ये `PNG` दिसलं. `identify` ने `False` सांगितलं. मग `-alpha off` केलं आणि उत्तर समोर आलं: सगळा चौकोन काळा, त्यात तपकिरी चूल जेमतेम ओळखू येत होती आणि काळं नाव काळ्यात बुडालेलं. मी लोगो रिकाम्या कॅनव्हासवर काढला होता, म्हणजे पडद्यामागे 0, 0, 0. बिलाचं सॉफ्टवेअर अल्फा टाकून देत होतं. पण तपकिरी चूल तरी का दिसू नये? कारण बिलाचा थर्मल प्रिंटर फक्त दोनच गोष्टी करतो: ठिपका जाळतो किंवा सोडतो. मधला रंग त्याच्याकडे नाही. गडद तपकिरी त्याच्या हिशेबात काळाच.

म्हणजे नुसतं पांढऱ्यावर मिसळून भागणार नव्हतं, प्रिंटरच्या मापात काळं-पांढरं करून द्यायचं होतं. त्यांचा रोल 58 मिमीचा. अशा प्रिंटरची छापायची रुंदी साधारण 48 मिमी असते आणि दर मिलिमीटरला 8 ठिपके, म्हणजे जास्तीत जास्त 384 ठिपके. लोगो 30 मिमी हवा होता, म्हणून 240 ठिपके. माझी मूळ फाईल 2000 ठिपक्यांची होती. ती तशीच दिली की आकार लहान करायचं काम सॉफ्टवेअर करतं आणि बारीक रेषा गिळतं. म्हणून तेही आपणच करायचं:

```
magick logo.png -background white -alpha remove -alpha off -resize 240x -colorspace Gray -threshold 60% bill.png
```

`-threshold 60%` म्हणजे 60 टक्क्यांपेक्षा उजळ ते पांढरं, बाकी काळं. बिल काढलं. चूल आली, नाव आलं. वाफ गेली.

वाफ मी काळ्या रंगात, अल्फा 60 ठेवून काढली होती. पांढऱ्यावर मिसळल्यावर ती 195 च्या आसपासची राखाडी होते, म्हणजे सुमारे 76 टक्के उजळ, आणि 60 च्या रेषेवर ती पांढऱ्यात जमा. आकडा 85 केला तर वाफ आली, पण चुलीवर काळं ढग बसल्यासारखी भरीव, आणि नावाच्या अक्षरांच्या कडाही फुगल्या. मधला आकडा शोधत मी पाऊण तास घालवला. मालक तीन वेळा चहा विचारून गेले. तिथे मला आधीच थांबायला हवं होतं. एका आकड्याने जो लोगो काळा-पांढरा होत नाही, तो त्या कामासाठी वेगळा काढावा लागतो. दुकानात परत येऊन कोरलमध्ये वाफेच्या जागी तीन बारीक भरीव रेघा काढल्या, प्रत्येक किमान 2 ठिपके जाड, आणि पुन्हा 60 टक्क्यांनी फाईल बनवली. ती बिलावर नीट आली.

त्यांना जेपीजी दिला नाही, कारण जेपीजीत अक्षरांच्या कडेला हलका कचरा येतो आणि थर्मल कागदावर तो कचरा ठिपके बनून छापतो. भरीव काळी-पांढरी पीएनजी चालली. काही बिलिंग सॉफ्टवेअरना बीएमपीच लागते. तिथे शेवटी `bill.png` ऐवजी `BMP3:bill.bmp` लिहायचं.

छपाईतला डबा

हा सगळ्यात अवघड, आणि इथे मी फार सांगणार नाही. प्रेसला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या हिशेबातले रंग, लागतं, पीएनजीत सीएमवायके नसतंच. म्हणून कोणीतरी घाईत सीएमवायके जेपीजी करतो आणि अल्फा जातो. पारदर्शकपणा ठेवायचा असेल तर टिफ, पीएसडी किंवा थेट कोरलची फाईल द्या.

पीडीएफची गोष्ट थोडी वेगळी. पारदर्शकपणा पीडीएफमध्ये 1.4 या आवृत्तीपासून, 2001 साली आला. प्रेसने पीडीएफ 1.3 किंवा पीडीएफ/एक्स-1ए मागितली की पारदर्शक भाग सपाट करावे लागतात, म्हणजे खालच्या रंगात मिसळून भरीव करावे लागतात. लोगोच्या मऊ सावलीखाली सोनेरीसारखी स्पॉट शाई, म्हणजे वेगळी तयार केलेली खास शाई, असेल तर सपाट करताना त्या सावलीभोवती पांढरा किंवा वेगळ्या छटेचा डबा येऊ शकतो. स्क्रीनवर मात्र तो दिसेलच असं नाही.

एक घबराट टाळा: पीडीएफ उघडल्यावर लोगोभोवती केसासारख्या पांढऱ्या रेषा दिसल्या तर झूम बदलून बघा. रेषा झूमबरोबर जागा बदलत असतील किंवा तितक्याच बारीक राहत असतील तर त्या स्क्रीनच्या आहेत, सहसा छापून येत नाहीत. डबा मात्र झूम केल्यावर मोठा होतो.

कुठे थांबायचं

फक्त जेपीजी उरली आहे आणि लोगोत सावली, वाफ किंवा उतरते रंग आहेत: थांबा. सपाट दोन रंगांचा लोगो कापून पुन्हा पारदर्शक करता येतो, पण मिसळलेली सावली रंगापासून वेगळी करता येत नाही, बॅकग्राउंड काढणारं साधन कितीही वापरा. डिझायनरकडून वेक्टरमध्ये नव्याने काढून घ्या.

भरीव फाईल देऊनही बिलावर ठोकळा येतोय: थांबा, आणि बिलिंगवाल्याला बोलवा. काही प्रिंटरच्या आठवणीत जुना लोगो साठवलेला असतो आणि सॉफ्टवेअर तोच छापत राहतं. तो बदलायचं काम त्यांचं. चालू धंद्यात प्रिंटरच्या सेटिंगमध्ये हात घालू नका, जीएसटी बिल मध्येच अडकलं की लोगोपेक्षा मोठी भानगड होते.

आणि ऑफसेटचं काम असेल, प्लेट निघायच्या असतील, तर कमांड चालवत बसू नका. प्रेसच्या प्लेट काढणाऱ्या माणसाला मूळ फाईल आणि पीडीएफ दोन्ही द्या, लोगो कोणत्या रंगावर बसलाय ते सांगा आणि प्लेट निघायच्या आधी प्रूफ मागा. पेटीच्या लेबलच्या एका कामात मी प्रूफ मागितलं नव्हतं. द्राक्षांच्या घडामागे फिका चौकोन घेऊन 5000 लेबलं आली, आणि त्या पेट्या उन्हात बघेपर्यंत तो कोणाच्याच डोळ्याला दिसला नाही.